सगळी चित्रं एकाच हातची वाटतायत का? चित्रपुस्तकातली रेषा तपासण्याची रीत

३२ पानांच्या चित्रपुस्तकात साधारण १३-१४ मोठी चित्रं असतात. चित्रकार ती दोन-चार महिने काढत असतो. त्या काळात निब बदलते, कागदाचा गठ्ठा संपून दुसरा येतो, मधेच दुसरं एखादं काम घुसतं, आणि पहिल्या चित्रात जपून चालणारा हात शेवटच्या चित्रापर्यंत सैल होतो. वाचणारं मूल मात्र ते पुस्तक दहा मिनिटांत, सलग पाहतं. मधल्या महिन्यांतले हे सगळे बदल त्या दहा मिनिटांत एकमेकांना येऊन भिडतात. मूल तुम्हाला ‘रेषा जाड झाली’ असं सांगणार नाही. ते विचारेल, ‘ही तीच मुलगी आहे का?’

हा लेख शाईने काढलेल्या, स्पष्ट बाह्यरेषा असलेल्या चित्रांबद्दल आहे. मऊ पेन्सिल किंवा कोळशाची चित्रं असतील तर जाडी मोजण्यात अर्थ नसतो, तिथे काळेपणा आणि पोत बघावा लागतो. पाहण्याचा क्रम बहुतेक तोच राहतो.

आधी सगळं छपाईच्या आकारात आणा

नवीन माणसाची पहिली चूक ठरलेली असते. मूळ चित्रं समोर ठेवून तो तुलना करू लागतो, किंवा स्क्रीनवर एकेक फाइल उघडून बघतो. दोन्हींत फसगत होते. मूळ चित्रं वेगवेगळ्या आकारांची असतात आणि पुस्तकात जाताना कमी-जास्त टक्क्यांनी लहान-मोठी होतात. स्क्रीनवर तर प्रत्येक फाइल खिडकीत मावेल अशी आपोआप लहान-मोठी होऊन उघडते, त्यामुळे शेजारच्या दोन फाइलींतल्या रेषांची तुलनाच होऊ शकत नाही.

म्हणून लेआउटमधून सगळी पानं शंभर टक्के आकारात छापून घ्या. एकच प्रिंटर, एकच कागद. जमलं तर रंग काढून फक्त काळी रेषा छापा, कारण गडद रंगाच्या शेजारी रेषा बारीक भासते आणि पांढऱ्यावर जाड. प्रिंटरच्या खिडकीत ‘पानात मावेल असं करा’ हा पर्याय बंद आहे ना, ते बघा. तो चालू राहिला तर पाच-सात टक्क्यांचा फरक नकळत शिरतो.

आता ही पानं जमिनीवर किंवा भिंतीवर पुस्तकाच्या क्रमाने मांडा आणि दोन मीटर मागे या. डोळे अर्धे मिटा. या अंतरावरून चित्रातली गोष्ट दिसेनाशी होते आणि नुसता काळेपणा उरतो. एखादं पान बाकीच्यांपेक्षा पुढे येत असेल किंवा मागे फिकट पडत असेल तर त्यावर चिठ्ठी लावा. कारण शोधायची घाई इथे करू नका. ही पहिली नजर फक्त एकदाच मिळते. तासभर त्या चित्रांत डोकं घातलंत की डोळा सगळ्याला सरावतो आणि मग सगळंच बरोबर वाटायला लागतं.

मग मोजा, पण सगळीकडे तीच रेषा

जाडी मोजायची तर कुठली रेषा मोजायची हे आधी ठरवा. मी तीन घेतो. मुख्य पात्राची बाह्यरेषा, आणि तीही नेहमी एकाच जागेची, उदाहरणार्थ पाठीची. दुसरी आतली रेषा, म्हणजे कपड्याची घडी किंवा कोपराची वळी. तिसरी सगळ्यात बारीक, म्हणजे केस किंवा प्राण्याच्या मिशा. एका पानावर पाठ मोजली आणि दुसऱ्यावर झाडाचं खोड, तर हाती काहीच लागत नाही, कारण खोडाला चित्रकाराने मुद्दाम जाड रेषा दिलेली असू शकते.

मोजायला आतमध्ये मिलिमीटरची पट्टी कोरलेलं भिंग सगळ्यात बरं. ते नसेल तर पारदर्शक कागदावर ०.२ मिलिमीटरपासून १.२ मिलिमीटरपर्यंत ०.१ च्या टप्प्याने रेषा छापून घ्या आणि ती पट्टी चित्रातल्या रेषेशेजारी सरकवत न्या. कोणती जुळते ते डोळ्याला चटकन कळतं. फाइलमध्ये मोजायचं असेल तर रेषेला आडवे पिक्सेल मोजा आणि हे गणित करा:

```
मिलिमीटर = पिक्सेल × 25.4 ÷ dpi
```

६०० dpi ला १४ पिक्सेल रुंद रेषा म्हणजे जवळपास ०.६ मिलिमीटर. एक मात्र विसरायचं नाही. मूळ चित्राच्या स्कॅनवर मोजलंत तर येणारी जाडी मुळातली असते. ती पुस्तकात किती दिसेल हे काढायला तिला लहान-मोठं करण्याच्या टक्क्याने गुणावं लागतं. रेषेच्या टोकाला कधी मोजू नका. पाच ठिकाणी मोजून मधली किंमत धरा, कारण निबची रेषा दाबाप्रमाणे फुगते-आकसते आणि तिने तसंच वागायला हवं.

एक पुस्तक घेऊन बघू

समजा, हरवलेली छत्री शोधत फिरणाऱ्या एका मुलीची आणि तिच्या कुत्र्याची गोष्ट आहे. चित्रकाराने पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच निब वापरली. मूळ चित्रांत मुलीच्या पाठीची रेषा सगळीकडे सुमारे ०.७५ मिलिमीटर आहे आणि कुत्र्याच्या मिशा ०.२५. त्यामुळे चित्रकार छातीवर हात ठेवून सांगतो की रेषा एकच आहे. त्याचं म्हणणं खरंही आहे.

पण बहुतेक चित्रं त्याने सवाईने मोठी काढली, म्हणून ती पुस्तकात ८० टक्क्यांवर बसली. तिथे पाठीची रेषा ०.६ झाली. पान १० वरचा मुलीचा जवळून घेतलेला चेहरा मात्र पुस्तकाच्या आकारातच काढला होता. तो १०० टक्क्यांवर बसला, रेषा ०.७५. पान १४-१५ वरचा गर्दीचा देखावा त्याने हौसेने मोठ्या कागदावर काढला. तो ६० टक्क्यांवर आला, रेषा ०.४५. पान १८ वरची तीन छोटी चित्रं आधी ठरलेली नव्हती. मजकूर बदलला म्हणून त्याच्या वहीतली घेतली आणि वाढवून १५० टक्क्यांवर बसवली. तिथे रेषा झाली १.१ मिलिमीटरच्या जरा वर.

एकच निब, एकच हात, आणि एका पुस्तकात चार जाड्या. रेषेबद्दलच्या तक्रारी माझ्याकडे येतात त्यांतल्या बऱ्याचशा इथेच उगम पावतात, हातात नव्हे. म्हणून मोजमापाच्या तक्त्यात जाडीशेजारी टक्क्यांचा रकाना हवाच. तो नसला तर तुम्ही बिचाऱ्या चित्रकारावर खापर फोडाल. मी स्वतः ते केलं आहे. एका चित्रातली रेषा जाड वाटते म्हणून मी ते पुन्हा काढून मागवलं, आणि नवं चित्र बसवताना लक्षात आलं की लेआउटमध्ये ती चौकट मीच आदल्या आठवड्यात ११२ टक्के करून ठेवली होती.

आता या चार जाड्यांपैकी दोष कशाला म्हणायचं? इथे आकडा पुरत नाही, नजर लागते.

पान १० चा चेहरा ०.६ ऐवजी ०.७५ आहे, म्हणजे पाव पट जास्त. माझा अनुभव असा, की एवढा फरक समोरासमोरच्या पानांवर डोळ्यात भरतो आणि पानं उलटून आल्यावर निसटून जातो. पान १० ची जोडी पान ११ शी आहे. ११ वर फक्त मजकूर असेल तर मी हे सोडून देईन. शिवाय चेहरा जवळून दिसतोय, रेषा थोडी भरली तरी खपते. पण ११ वर तीच मुलगी पूर्ण उभी असेल तर सोडणार नाही. एकाच नजरेत दोन जाड्या आल्या की त्यांतली एक चुकलेली वाटते.

पान १४-१५ वरची गर्दी नाजूक प्रकरण आहे. रेषा बारीक आहे, पण माणसंही लहान आहेत. अंगठ्याएवढ्या मुलीला ०.६ ची रेषा दिली तर बोटं आणि डोळे शाईत बुडतात. मग बारीक रेषा बरोबर म्हणायची का? उत्तर पुस्तकातच शोधावं. दुसऱ्या कुठल्या पानावर मुलगी एवढीच लहान दिसते का? समजा पान २६ वर ती दूर पुलावर लहानशी उभी आहे आणि तिथे रेषा ०.६ आहे, चित्रकाराने बोटं न काढता हाताचा नुसता गोळा करून भागवलं आहे. म्हणजे या पुस्तकाची रीत ठरलेली आहे: माणूस लहान झाला की तपशील कमी होतात, रेषा तीच राहते. या रीतीत पान १४-१५ बसत नाही. तसं एकही पान नसतं तर मी ही गर्दी तशीच जाऊ दिली असती.

पान १८ बद्दल वाद नाही. तिथे जाडी जवळपास दुप्पट आहे, आणि नुसती जाडी नव्हे. वाढवलेल्या रेषेबरोबर कागदाचा खरखरीतपणा वाढतो, शाईचे सूक्ष्म फाटे वाढतात, निब टेकली तिथला ठिपकाही वाढतो. भिंगाखाली बघा, बाकीच्या पानांवर गुळगुळीत दिसणारी कड इथे करवतीसारखी दिसेल. नाजूक निबने काढलेली रेषा एकदम बोथट मार्करची वाटू लागते. इथे जाडीबरोबर शैलीही बदलली.

शैली बघायची तर चित्र झाका

जाडी मोजता येते, शैली मोजता येत नाही. आणि शैली बघताना चित्र मधे येतं. मुलीचा चेहरा गोड आहे की नाही याकडे लक्ष जातं आणि रेषा राहून जाते. यावर दोन साधे उपाय आहेत. एक, पानं उलटी, म्हणजे डोकं खाली करून बघा. दुसरा मला जास्त आवडतो. जाड पुठ्ठ्याला तीन सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापा आणि ती प्रत्येक पानावर ठेवून रेषेचा फक्त तेवढाच तुकडा बघा. पानं पिसून घ्या, क्रम माहीत नको. प्रत्येक तुकड्याला एकच प्रश्न विचारा: हा त्याच हातचा आहे का?

खिडकीत काय बघायचं? आधी रेषेचं टोक. काही चित्रकारांची रेषा संपताना निमुळती होते, काहींची एकदम तुटते, काहींची टोकाला हलकीशी आकडी वळते. ही सवय सहीसारखी असते आणि सहज बदलत नाही. बदललेली दिसली तर हत्यार किंवा वेग बदलला आहे हे नक्की समजा. मग सांधे बघा. हनुवटीची रेषा मानेला भिडते की आधीच थांबून बारीकशी फट सोडते? ज्या पुस्तकात फटी सोडलेल्या आहेत त्यात एखाद्या पानावर सगळे सांधे घट्ट बंद दिसले तर ते पान गुदमरल्यासारखं वाटतं, आणि कारण चटकन सापडत नाही.

नंतर रेषेचा वेग. झपकन ओढलेल्या रेषेची कड स्वच्छ असते आणि वळणावर ती सहज फुगते. जपून, हळू काढलेल्या रेषेत बारीक थरथर असते आणि जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी राहते. प्रकाशपेटीवर कच्चं चित्र ठेवून गिरवलेल्या पानांत ही हळू रेषा हमखास सापडते. जाडी अचूक, जागा अचूक, आणि तरी रेषा निर्जीव. मोजमापाच्या तक्त्यात असं पान पहिल्या नंबरने पास होतं, म्हणूनच खिडकीची चाचणी वेगळी करायची.

शेवटी सावलीच्या रेघोट्या. त्यांची दिशा आणि दोन रेघांमधलं अंतर बघा. उजव्या हाताच्या माणसाच्या रेघोट्या सहसा एकाच बाजूला कलतात. एखाद्या पानावर त्या अचानक दुसरीकडे कलल्या असतील तर कागद फिरवून काढलं असेल, किंवा लेआउटमध्ये कुणीतरी चित्र आरशासारखं उलटं केलं असेल. दुसरी शक्यता दिसते त्याहून जास्त वेळा खरी निघते. अशा वेळी मुलीच्या शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला गेलाय ते बघून घ्या.

हे झालं की चित्रकाराला विचारा, चित्रं कुठल्या क्रमाने काढली? पुस्तकाच्या क्रमाने फार थोडे लोक काढतात. पानं काढण्याच्या क्रमाने मांडली की हळूहळू घसरत गेलेली शैली एका ओळीत दिसते. पहिली दोन-तीन आखडलेली, मधली स्थिर, शेवटची सैल. पुस्तकात हीच पानं विखुरलेली असल्यामुळे घसरण दिसत नाही, नुसती धुसफुस जाणवते. दुरुस्तीचा मापदंड मधल्या पानांचा धरा. पहिलं पान चित्रकाराला सगळ्यात लाडकं असतं, पण बहुतेक वेळा तेच सगळ्यात वेगळं असतं.

मुद्दाम केलेला बदल आणि झालेला बदल

स्वप्नाच्या पानावर रेषा तुटक होते, भीतीच्या पानावर जाड आणि खरखरीत होते. हे चित्रकाराचं हत्यार आहे, ते काढून घेऊ नका. ओळखायचं कसं? मुद्दाम केलेला बदल गोष्टीबरोबर सुरू होतो आणि गोष्टीबरोबर थांबतो. आमच्या उदाहरणातल्या वादळाच्या पानावर आभाळ, झाडं, मुलगी, कुत्रा सगळ्यांची रेषा एकदम जाड झाली आणि पान उलटल्यावर सगळ्यांची पूर्ववत झाली, तर तो निर्णय आहे. फक्त कुत्रा जाड झाला आणि मुलगी तशीच राहिली, तर कुत्रा बहुधा नंतर वेगळ्या कागदावर काढून चिकटवला आहे. निर्णय असेल तर तो ठळक असू द्या. थोडासा बदल चूक म्हणून वाचला जातो.

दोष कुठे शिरला ते शोधा

टक्के तपासून झाले, तरी एखादं पान जाड उरलं, तर स्कॅनकडे वळा. स्कॅननंतर कागदाचा करडा रंग उडवताना काळं-पांढरं ताणलं जातं. रेषेच्या कडेचे करडे पिक्सेल काळ्यात ढकलले की रेषा फुगते, पांढऱ्यात ढकलले की सुकते. दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या हातांनी केलेल्या स्कॅनमध्ये हा फरक सहज येतो.

यावर माझी एक जुनी युक्ती आहे, ती पुस्तक सुरू होण्याआधीच चित्रकाराला सांगायची. प्रत्येक कागदाच्या कापून जाणाऱ्या कडेला, चित्र काढायला बसताना, त्याच निबने तीन छोट्या रेघा ओढायच्या: एक बाह्यरेषेच्या दाबाने, एक आतल्या, एक सगळ्यात बारीक. नंतर शंका आली की त्या तीन रेघा कागदावर आणि फाइलमध्ये मोजायच्या. कागदावर बाकीच्या पानांसारख्याच आणि फाइलमध्ये जाड, तर स्कॅनचा दोष. कागदावरच जाड, तर निब घासली आहे किंवा कागद शाई जास्त पितोय. रेघा ठीक आणि चित्रच जाड, तर हात.

चित्रकाराला कळवताना ‘पान १८ जरा जड वाटतंय’ असं लिहू नका. त्यावर तो काय करणार? असं लिहा: ‘पान १८, मुलीच्या पाठीची रेषा १.१, बाकी पुस्तकात ०.६. चित्र वहीतलं आहे, वाढवून १५० टक्क्यांवर बसवलं आहे. बाकीच्यांसारखं सवाईने मोठं, त्याच निबने पुन्हा काढावं.’

पुन्हा काढण्याऐवजी संगणकावर रेषा बारीक करू, असं कुणीतरी म्हणतंच. करून बघा. छपाईच्या आकारात ६०० dpi ला पान १८ ची बाह्यरेषा २७ पिक्सेल आहे, हवी १४. म्हणजे दोन्ही बाजूंनी सहा-सहा पिक्सेल कुरतडले की जवळपास काम झालं. पण कुत्र्याच्या मिशा त्याच चित्रात फक्त नऊ पिक्सेल आहेत. त्यातून बारा गेले की कुत्र्याला मिशाच उरत नाहीत. निमुळती टोकंही आधीच खाल्ली जातात आणि रेषा बोथट होते. एखाद-दोन पिक्सेलची दुरुस्ती असेल तरच हा मार्ग धरा. पान १४-१५ ला उलट काम आहे. रेषा फुगवली तर बोटांमधल्या फटी भरतील, म्हणून तिथेही नवं चित्र, तपशील कमी करून.

छपाईचं प्रूफ आलं की मोजणी आणखी एकदा करायची, पण खऱ्या छपाईच्या कागदावरच. लेप नसलेल्या कागदावर शाई थोडी पसरते आणि सगळ्याच रेषा जराशा भरतात. त्या सगळ्या सारख्याच भरल्या असतील तर हात लावू नका. बघायचं ते दाट रेघोट्यांकडे, त्यांच्यातल्या फटी बुजल्या आहेत का. आणि बाह्यरेषा काळीऐवजी तपकिरी असेल तर मिशांकडे. तपकिरी रंग दोन-तीन शायांच्या ठिपक्यांतून बनतो. जाड रेषेत ते ठिपके लपतात, ०.२ मिलिमीटरच्या मिशीत मात्र ती तुटक दिसते किंवा तिच्या कडेला लालसर सावली उमटते. तसं दिसलं तर मिशा सरळ एकाच काळ्या शाईत छापायला सांगा.